गावाबाहेरच्या प्लॉटचा परिसर दाखवताना: शेजाऱ्याचा स्लॅब, ड्रोन आणि परवानग्या

प्रश्न: हिंगणघाट तालुक्यात गावठाणाच्या बाहेर आमचा १०० बाय १५० फुटांचा अकृषक प्लॉट आहे. विकायचा आहे. जमिनीवर उभं राहून फोटो काढला की नुसतं गवत दिसतं, रस्ता कुठे, वस्ती कुठे काही कळत नाही. शेजाऱ्याचा दोन मजली स्लॅब आहे, आणि गावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे ड्रोन आहे. यातलं काय वापरावं? कुणाकुणाची परवानगी घ्यावी लागते?

उत्तर:

आधी स्लॅबवर चढून पाहा. प्लॉट स्लॅबपासून शंभरेक फुटांच्या आत सुरू होत असेल तर ड्रोनची गरज बहुधा पडणार नाही. दोनशे फुटांच्या पुढे असेल तर स्लॅबवरचा फोटो निराशा करेल. याचं कारण उंची कमी असणं एवढंच नाही, कोनाचा प्रश्न आहे, आणि तो समजून घेतला की बाकीचे निर्णय सोपे होतात.

दोन मजली घराचा स्लॅब साधारण २२ फुटांवर असतो. त्यावर उभ्या माणसाच्या हातातला मोबाइल धरला तर कॅमेरा २७ फुटांवर येतो. तुमचा प्लॉट १५० फूट खोल आहे असं धरू. त्याची जवळची हद्द स्लॅबपासून १०० फुटांवर असेल, तर मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने आडव्या फोटोत प्लॉट उभ्या उंचीचा सुमारे सहावा हिस्सा व्यापतो. तेवढ्यात हद्दीचे चारही कोपरे वेगळे ओळखू येतात. तीच हद्द २०० फुटांवर गेली की प्लॉट फोटोच्या सोळाव्या हिश्श्याएवढी एक पट्टी होऊन बसतो. पट्टीच्या वर आभाळ, खाली शेजाऱ्याच्या टिनाचं छप्पर, आणि बघणाऱ्याला प्लॉट कुठला तेच कळत नाही. दुप्पट झूम केला तर पट्टी थोडी जाड होते, पण कोन तोच राहतो. मागची हद्द आणि तिच्यामागचं वावर एकमेकांना चिकटलेलंच दिसतं.

मधला एक स्वस्त उपाय आहे, तो फार कमी लोक करतात. वीस फुटांचा सरळ, वाळलेला बांबू घ्या, टोकाला मोबाइलचा क्लॅम्प घट्ट बांधा, मोबाइल किंचित खाली झुकवा, दर दोन-तीन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असं टायमर लावा आणि स्लॅबवर बांबू उभा धरा. एकाने बांबू धरायचा, दुसऱ्याने बुंधा पायाने दाबून ठेवायचा. कॅमेरा ४२ फुटांवर जातो आणि २०० फुटांवरचा प्लॉट दहाव्या हिश्श्यापर्यंत वाढतो. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप यासाठी अजिबात वापरू नका. खेड्यात अकरा केव्हीची तार स्लॅबच्या कडेने जाणं नवीन नाही, आणि वीस फुटांचा पाइप एकदा कलला की सावरायला वेळ मिळत नाही. ओल्या बांबूतूनही वीज उतरते. तार घरावरून किंवा घराच्या लगत जात असेल तर बांबूचाही विचार सोडा. सिमेंटच्या पत्र्यावर तर कुणी पाय ठेवूच नये. तो माणसाचं वजन पेलत नाही.

गावच्या पाण्याच्या टाकीवर चढायचं अनेकांच्या डोक्यात येतं. उंची छान मिळते, हे खरं. पण ती ग्रामपंचायतीची आहे, शिडी गंजलेली असते, आणि सरपंचांनी तोंडी "जा" म्हटलं तरी पडलात तर जबाबदारी कुणीच घेणार नाही. त्यापेक्षा ड्रोन बरा.

ड्रोन किती उंच न्यायचा

ड्रोनवाला आला की पहिल्यांदा शंभर-सव्वाशे मीटर वर नेतो, कारण गाव दिसलं की बघणारे खूश होतात. जाहिरातीसाठी मात्र ही उंची चुकीची आहे. एवढ्या वरून सगळी जमीन सपाट दिसते. नाला आणि पांदण सारखेच दिसतात, विजेच्या तारा नाहीशा होतात आणि दोन वावरांपलीकडचा डांबरी रस्ता प्लॉटला लागूनच आहे असा भास होतो.

मुख्य फोटो ४० मीटर उंचीवरून, तिरका घ्या. ड्रोन प्लॉटच्या रस्त्याकडच्या हद्दीपासून सुमारे ६० मीटर बाहेर ठेवा आणि कॅमेरा २५ ते ३० अंश खाली झुकवा. या जागेवरून १५० फूट खोल प्लॉट फोटोच्या जवळपास पाव भागात येतो. वरच्या भागात गाव, झाडं, टेकडी दिसते. खालच्या भागात रस्ता येतो. प्लॉट रस्त्याला कसा जोडला आहे हे घेणाऱ्याला सर्वांत आधी पाहायचं असतं, म्हणून रस्त्याकडची बाजू. मग हेच चारही दिशांनी करा. चार तिरके फोटो झाले की दोन सरळ खाली पाहणारे घ्या. साध्या ड्रोनच्या लेन्सला ६० मीटरवरून सुमारे २८० बाय २१० फुटांचा तुकडा दिसतो, म्हणजे तुमचा प्लॉट आणि भोवती थोडी जागा. १०० मीटरवरून सुमारे ४७० बाय ३५० फूट दिसतात, त्यात शेजारची वावरं आणि वळणाचा रस्ता येतो. या सहा फोटोंपलीकडे काही लागत नाही. फिरता व्हिडिओ घेतलाच तर तीस सेकंदांचा पुरे.

ड्रोन उडवण्याआधी कोपऱ्यांवर खुणा करा. ही पायरी सोडली की बाकी मेहनत वाया जाते, कारण वरून धुरे ओळखू येत नाहीत आणि नंतर फोटोवर रेघ मारताना अंदाज सुरू होतो. हद्दीचे दगड सापडत असतील तर प्रत्येक दगडावर चुन्याने फुली मारा. फुलीची प्रत्येक रेघ पाच फूट लांब आणि एक फूट रुंद असू द्या. फोटो जाहिरातीत गेला की त्याची रुंदी साधारण १२०० ठिपक्यांवर येते. ६० मीटरवरून काढलेल्या फोटोत पाच फुटांची रेघ त्यातले वीसेक ठिपके व्यापते आणि स्पष्ट दिसते. खताच्या पोत्याची दोन फुटांची बाजू आठ-नऊ ठिपक्यांत संपते. पोती वापरायचीच तर चार-चार जोडून अंथरा आणि वर दगड ठेवा, नाहीतर ड्रोनच्याच वाऱ्याने उडतात. काळ्या मातीवर चुना उठून दिसतो. मुरमाड, पांढरट जमिनीवर मात्र लाल किंवा निळी ताडपत्री कापून वापरा.

रेघ मारायची ती या चार खुणा जोडून, आणि तीही कोपरे भूमी अभिलेखच्या मोजणीत निश्चित झाले असतील आणि हातात मोजणी नकाशाची "क" प्रत असेल तरच ठळक, अखंड. मोजणी नसेल आणि कोपरे वहिवाटीने माहीत असतील तर तुटक रेघ मारा आणि फोटोवरच "हद्द अंदाजे" असं लिहा. महाभूनकाशावरचा गटाचा आकार फोटोवर चिकटवून रेघ मारणारे लोक आहेत. तो आकार फोटोशी कुठे पाच, कुठे पंधरा फूट जुळत नाही, आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यावर रेघ गेलेली जाहिरात शेजाऱ्याच्याच मोबाइलवर येऊन पोचते. पुढे काय होतं ते सांगायला नको. ड्रोनचा फोटो म्हणजे मोजणी नाही. स्वामित्व योजनेत सरकारने ड्रोनने गावठाणाची मोजणी केली ती वेगळ्या उपकरणांनी आणि जमिनीवरच्या नियंत्रण बिंदूंनी, लग्नाच्या ड्रोनने नव्हे.

उडवण्याचं ठिकाण आणि वेळ

ड्रोन स्लॅबवरून उडवू नका. स्लॅबमधल्या सळयांमुळे त्याचं होकायंत्र बिघडतं, मग ड्रोन वर जाऊन एका बाजूला सरकत राहतो किंवा गोल फिरतो. टिनावरही तेच होतं. प्लॉटमध्येच तीन बाय तीन फुटांचा प्लायवूड किंवा ताडपत्री अंथरून तिथून उडवा. काळ्या मातीची धूळ आणि गवताची कुसळं मोटरमध्ये जातात, तेही त्याने टळतं. मोबाइलच्या होकायंत्रालाही स्लॅबवर हाच त्रास होतो. म्हणून "पूर्वमुखी" लिहायचं असेल तर दिशा प्लॉटमध्ये, गाडीपासून आणि बोअरच्या केसिंगपासून लांब उभं राहून पाहा. आपल्याकडे पूर्वमुखी प्लॉटला भाव जास्त मिळतो, आणि दिशा चुकली की घेणारा बाकी कशावरच विश्वास ठेवत नाही.

ड्रोन आपोआप परत येण्याची उंची उडवण्याआधी ५० मीटर करून घ्या, म्हणजे संपर्क तुटला तर परतताना तो निंबाच्या झाडात किंवा मोबाइल टॉवरात शिरणार नाही. जवळपास टॉवर त्याहून उंच असेल तर त्यानुसार वाढवा. विजेच्या तारा ड्रोनच्या कॅमेऱ्यात फार उशिरा दिसतात. खांब शोधा, दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरा. घारी फिरत असतील तर थोडं थांबा. त्या ड्रोनवर झडप घालतात.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण असते. बऱ्याच लहान ड्रोनना ४० अंशांपर्यंतच्या तापमानातच काम करायचं असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा त्याच्या पुढे जातो. बॅटरी गाडीत ठेवली तर ती उडण्याआधीच तापलेली असते आणि अर्ध्यात ड्रोन उतरण्याचा इशारा देतो. त्या दिवसांत नऊच्या आत उरका.

वर्षातला सर्वांत चांगला काळ विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारी. तूर निघालेली असते, पऱ्हाटी उपटलेली असते, धुरे आणि पांदण उघड्या पडलेल्या असतात. नोव्हेंबरमध्ये सगळं हिरवंगार दिसतं, पण पुरुषभर उंच तूर रस्ताच झाकून टाकते, स्लॅबवरून तर हमखास. प्लॉटजवळ नाला असेल तर शक्य झाल्यास एक फोटो जुलै-ऑगस्टमध्ये मोठा पाऊस पडून गेल्यावरचा ठेवा. प्लॉट कोरडा राहतो हे दाखवायला त्यापेक्षा चांगला पुरावा नाही. पाणी चढत असेल, तर ते आधीच कळलेलं बरं.

दिवसातली वेळ ठरवताना प्रकाशासोबत अंगणांचाही विचार करा. सकाळी सात ते नऊचा प्रकाश सुंदर असतो. पण खेड्यात अनेक घरांची न्हाणी अंगणात, वरून उघडी असते, आणि तीच आंघोळीची वेळ असते. स्लॅबवरून किंवा ड्रोनमधून ती सहज दिसते. न्हाणीतल्या बाईचा फोटो काढला गेला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचा गुन्हा ठरू शकतो, आणि कायद्याच्या आधी गाव दारात येईल. म्हणून वस्तीच्या बाजूचे फोटो दुपारी चारच्या पुढे घ्या, आणि सकाळी उडवायचंच असेल तर कॅमेरा गावाकडे न वळवता वावरांकडच्या दिशेचे फोटो आधी काढा. उन्हाळ्यात पहाटे लोक गच्चीवर झोपलेले असतात, तेही ध्यानात ठेवा.

ड्रोनच्या परवानग्या

हा सारा कारभार ड्रोन नियम, २०२१ खाली चालतो. तुमच्या कामापुरत्या तीन गोष्टी पाहायच्या: जागा, ड्रोनचं वजन आणि उडवणारा माणूस.

जागेसाठी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा उघडून गाव शोधा. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, उडवायला वेगळी हवाई परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळं किंवा लाल क्षेत्र असतं. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्यावी लागते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. हिंगणघाट नागपूर विमानतळापासून बरंच लांब आहे, त्यामुळे तुमचा प्लॉट बहुधा हिरव्यात असेल. तरी नकाशा त्याच दिवशी पाहा. जिल्ह्यात निवडणूक, मोठा नेता येणार असेल किंवा काही गडबड असेल तर पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश वेगळे निघतात.

हेच उत्तर वाचून कुणी दुसऱ्या भागात ड्रोन काढणार असेल तर थोडी सावधगिरी जास्त लागेल. पुलगावचा दारूगोळा भांडार, भद्रावती आणि भंडाऱ्याचे आयुध कारखाने, औष्णिक वीज केंद्रं यांच्या आसपास नकाशा न पाहता ड्रोन काढूच नका. ताडोबा, बोर, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा यांच्या लगतच्या गावांत वनविभागाला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हवाई नकाशावर जागा हिरवी दिसली म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा लागू नाही असं होत नाही. गडचिरोलीत आधी पोलीस ठाणं, मग बाकी सगळं.

आता वजन. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्याच्या पुढे दोन किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोला ते बिगर-व्यावसायिक वापरात लागत नाही, व्यावसायिक वापरात लागतं. पैसे घेऊन तुमच्या जाहिरातीसाठी उडवणारा शूटिंगवाला व्यावसायिकच आहे. आणि विक्रीच्या जाहिरातीसाठी स्वतःचा मायक्रो ड्रोन उडवणाऱ्या मालकानेही आपला वापर बिगर-व्यावसायिक आहे असं धरून चालू नये. वजन बॅटरी आणि जोडलेल्या सगळ्या सामानासह धरतात. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला मोठी बॅटरी किंवा पंख्यांची जाळी लावली की तो नॅनो राहत नाही. ही गोष्ट ड्रोनवाल्यांनाही अनेकदा माहीत नसते.

ड्रोनवर यूआयएन, म्हणजे नोंदणीचा स्वतंत्र क्रमांक हवा. नॅनो सोडून बाकीच्यांना तृतीय पक्षाचा विमाही लागतो. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे लग्नांत फिरणारे बरेच ड्रोन कुठून आले आणि त्यांची नोंदणी झाली आहे का, हा प्रश्नच आहे. म्हणून शूटिंगवाल्याला भावाच्या आधी तीन गोष्टी विचारा: यूआयएन दाखव, वैमानिक प्रमाणपत्र दाखव, विम्याचा कागद दाखव. "आजवर कुणी विचारलं नाही भाऊ" असं उत्तर आलं तर त्याला आपल्या प्लॉटवर बोलावू नका. नियम मोडल्याचा दंड एक लाख रुपयांपर्यंत जातो, आणि ड्रोन कुणाच्या डोक्यात पडला तर काम देणारा म्हणून तुमचंही नाव येणार. बिलावर "फोटोंचे सर्व हक्क ग्राहकाकडे" असं लिहून घ्या, म्हणजे पुढे तेच फोटो दुसऱ्या एजंटच्या जाहिरातीत दिसले तर बोलता येतं.

हिरव्या क्षेत्रात पोलिसांची परवानगी कायद्याने लागत नाही, पण पोलीस पाटलांना तोंडी आणि ठाण्यात एका कागदावर कळवाच. गावात ड्रोन दिसला की चोर पाहणी करतात अशी बोंब उठायला वेळ लागत नाही. कागद चार ओळींचा पुरतो: तारीख, वेळ, गट क्रमांक, ड्रोनचा यूआयएन, उडवणाऱ्याचं नाव आणि मोबाइल. पोच घ्या. अंधार पडल्यावर उडवू नका.

छतमालक आणि शेजारी

दुसऱ्याच्या स्लॅबवर चढायला त्याची परवानगी हवी हे उघड आहे. ती लेखी घ्यावी, कारण फोटो महिनोन्‌महिने जाहिरातीत राहतो आणि तोंडी होकार देणारा माणूस मुलाच्या सांगण्यावरून पलटतो. खेड्यात लोक सही करायला घाबरतात. त्यांना वाटतं की रस्त्याचा किंवा जागेचा हक्क लिहून घेतला जातोय. म्हणून मजकुरातच ते स्पष्ट करा:

> मी, मौजा ______ येथील माझ्या घराच्या स्लॅबवरून गट क्र. ____ मधील प्लॉटचे फोटो दि. ______ रोजी ____ ते ____ या वेळेत काढण्यास संमती देत आहे. हे फोटो त्या प्लॉटच्या विक्रीच्या जाहिरातीत वापरण्यास माझी हरकत नाही. माझे अंगण, घरातील माणसे व वाहनांचे क्रमांक फोटोत दिसणार नाहीत किंवा झाकले जातील, आणि प्रसिद्ध करण्याआधी फोटो मला दाखवले जातील. या संमतीने माझ्या जागेतून जाण्यायेण्याचा किंवा अन्य कोणताही हक्क मी कुणास दिलेला नाही. प्लॉट विकला गेल्यावर किंवा मी लेखी सांगितल्यास फोटो जाहिरातीतून काढले जातील.

खाली सही, तारीख, एका साक्षीदाराची सही. स्टॅम्प पेपरची गरज नाही. एक प्रत त्यांना द्या.

लगतच्या वावरांचे मालक आणि समोरच्या घरांचे लोक यांच्या बाबतीत, दुरून दिसणाऱ्या घराच्या किंवा शेताच्या फोटोला त्यांची लेखी संमती घ्यावी असा नियम नाही. पण आदल्या दिवशी सांगून या. ड्रोन त्यांच्या वावरावरून नेणार असाल तर नक्कीच, आणि वेचणीला बाया असतील तर त्या वेळी नेऊ नका. एखाद्याचं घर फोटोत मोठं आणि ओळखू येईल असं येत असेल तर वरच्याच नमुन्यात बदल करून त्याची सही घ्या. तो नाही म्हणाला तर कोन बदला. चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक प्रसिद्ध करण्याआधी पुसट करायचेच.

फोटो काय सांगतो आणि कागद काय सांगतो

सर्वांत जास्त भांडणं रस्त्यावरून होतात, म्हणून तुमच्या प्लॉटचं उदाहरण त्याच अंगाने घेतो. समजा फोटोत डांबरी रस्ता, त्यापासून निघणारी बैलगाडीची वाट आणि ती वाट थेट प्लॉटच्या कोपऱ्यापर्यंत आलेली दिसते. बघणारा म्हणतो, रस्ता आहे. आता गाव नकाशा काढा. ती वाट पांदण म्हणून नकाशात असेल तर तसं लिहा. नसेल आणि ती शेजाऱ्याच्या वावरातून केवळ वहिवाटीने जात असेल, तर फोटोखाली तेच लिहा: "दिसणारी वाट वहिवाटीची, गाव नकाशात नोंद नाही." अकृषक आदेशाच्या नकाशात पोहोच रस्ता दाखवलेला असेल तर त्याची रुंदी आदेशातून घ्या, फोटोवरून मोजू नका. शेतजमिनीसाठी धुऱ्यावरून वाट मिळवायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण आदेश हाती येईपर्यंत जाहिरातीत रस्ता आहे असं म्हणता येत नाही.

अंतराचंही तसंच. झूम केलेल्या फोटोत महामार्ग प्लॉटच्या पाठीवर आलेला वाटतो, आणि मोबाइलच्या अर्ध्या पटीच्या रुंद लेन्सने शेजारचं घर मैलभर लांब गेल्यासारखं दिसतं. म्हणून मुख्य फोटो साध्या लेन्सचा ठेवा, आणि अंतर गाडीच्या मीटरवर रस्त्याने मोजून लिहा. ड्रोनच्या सरळ रेषेतलं अंतर लिहिलं तर घेणारा पहिल्याच भेटीत ते पकडतो.

आणि नको ते कापून टाकू नका. हाय टेन्शन लाईन, वीटभट्टी, पोल्ट्री, स्मशानभूमी हे सगळं घेणारा प्लॉटवर आला की दिसणारच आहे. चार फोटोंपैकी तीनच लावले की अनुभवी माणूस पहिला प्रश्न चौथ्या दिशेचा विचारतो. फोटोतून तार पुसणं, गवत हिरवं करणं, नसलेली झाडं लावणं हे तर टाळाच.

प्लॉट अख्खा विकताय तोवर महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडच्या नोंदणीचा प्रश्न येत नाही. पण त्याचे तुकडे पाडून प्लॉट म्हणून विकायचे ठरलं, तर ५०० चौरस मीटरच्या वरच्या विकासाला नोंदणी लागते, आणि तुमचा प्लॉट १५,००० चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १,३९४ चौरस मीटरचा आहे. मग नोंदणीआधी एकही फोटो जाहिरातीत टाकता येत नाही. नंतर टाकताना नोंदणी क्रमांक आणि, १ ऑगस्ट २०२३ पासून, क्यूआर कोडही लागतो.

प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहा. तुमच्यासाठी ती अशी होईल:

> उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहताना, ड्रोन, सुमारे ४० मी. उंची, दि. ______. पांढऱ्या फुल्या = मोजणीतील हद्दीचे कोपरे. डावीकडचा रस्ता: ग्रामपंचायत सिमेंट रस्ता. मागे दिसणारी तार: ११ केव्ही, प्लॉटबाहेर. फोटो परिसर दाखवण्यासाठी आहे. क्षेत्र व हद्द मोजणी नकाशाप्रमाणे.

मोजणी झाली नसेल तर "मोजणीतील" हा शब्द काढून "वहिवाटीतील, अंदाजे" लिहा. मूळ फाइल्स कमी न करता, न छाटता, संमतीच्या कागदांसोबत एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून फिरलेल्या प्रतीत काढल्याची वेळ आणि ठिकाण उरत नाही, आणि वाद झाला तर तेच विचारलं जातं. शूटिंगवाल्याकडून फोटो घेताना ते पेन ड्राइव्हवर किंवा केबलने थेट त्याच्या मेमरी कार्डवरून घ्या.

स्लॅबमालकाने पुढे संमती मागे घेतली तर स्लॅबवरचे फोटो काढून टाका आणि ड्रोनचे ठेवा, त्यांना त्याच्या छताची गरज नसते. ड्रोन नसेल तर प्लॉटच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात, तार नाही हे पाहून, बांबू उभा करून फोटो पुन्हा घ्या. वीसेक फुटांवरून परिसर पूर्ण दिसणार नाही, पण रस्ता, विजेची डीपी आणि शेजारची घरं येतात.